फॉरवर्ड की ऑप्शन: युरोत येणारे पैसे कसे हेज करावेत?

प्रश्न: आमची मध्यम आकाराची कंपनी आहे, हिशेब डॉलरमध्ये. तीन महिन्यांनी 10 लाख युरो यायचे आहेत. बँक म्हणते फॉरवर्ड घ्या, सल्लागार म्हणतो ऑप्शन. प्रीमियम भरणं परवडतं का?

उत्तर: आधी एक सांगा, ते 10 लाख युरो नक्की येणार आहेत का? माल पोहोचून बिल निघालं असेल तर फॉरवर्ड घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी युरो आजच ठरलेल्या दराने विकण्याचा बंधनकारक करार. टेंडरचा निकालच लागायचा असेल तर ऑप्शन, म्हणजे प्रीमियम भरून घेतलेला हक्क, जो वापरायची सक्ती नसते.

उदाहरणादाखल स्पॉट, म्हणजे आजचा बाजारभाव, एका युरोला 1.10 डॉलर आणि तीन महिन्यांचा फॉरवर्ड 1.105 धरू. दोघांतला फरक दोन चलनांच्या व्याजदरांतून येतो, तो बँकेचा अंदाज नसतो. फॉरवर्डने 11,05,000 डॉलर पक्के होतात. 1.105 च्याच स्ट्राइकचा युरो पुट, म्हणजे त्या ठरलेल्या दराने युरो विकण्याचा हक्क, दरातल्या चढउताराचं माप असलेली वार्षिक व्होलॅटिलिटी 8% असताना, साधारण 17,500 डॉलरना पडेल आणि ही रक्कम सुरुवातीलाच भरायची.

युरो 1.03 वर घसरला तर पुट वापरून, प्रीमियम वजा जाता, हातात 10,87,500 उरतात. फॉरवर्डपेक्षा 17,500 कमी. युरो 1.18 झाला तर पुट सोडून द्यायचा, युरो बाजारभावाने विकायचे आणि 11,62,500 मिळवायचे. म्हणजे युरो 1.1225 च्या वर गेला तरच ऑप्शन फॉरवर्डला मागे टाकतो. नुसत्या या हिशेबावर मी तरी बिल झालेल्या रकमेसाठी प्रीमियम भरणार नाही.

आता टेंडर हातचं गेलं आणि युरो 1.18 वर आहे असं समजा. फॉरवर्ड तर पाळावाच लागतो. तो रद्द करायचा म्हणजे 1.18 ने घेऊन 1.105 ने देणं, थेट 75,000 डॉलरचा फटका, तोही ऑर्डर नसताना. पुट असता तर 17,500 वरच विषय संपला असता.

प्रीमियम जड वाटत असेल तर 1.07 चा पुट साधारण 5,000 ला मिळेल, मात्र पहिली 3.5 सेंटची घसरण तुमच्या अंगावर. इथे बँक बहुधा ‘झीरो कॉस्ट कॉलर’ पुढे करते: 1.07 चा पुट घ्या, 1.14 चा कॉल, म्हणजे त्या दराने तुमच्याकडून युरो घ्यायचा हक्क, बँकेला विका. प्रीमियम जवळपास शून्य होतो खरा, पण विकलेला कॉल हे तुमच्यावरचं बंधन असतं. टेंडर गेलं आणि युरो 1.18 झाला तर इथेही 40,000 जातात. त्यातून कॉलची रक्कम पुटच्या दुप्पट लिहिलेली असेल तर सही करू नका. युरो चढला की तुमच्याकडे नसलेले 10 लाख युरो देणं लागतं.

फॉरवर्डला प्रीमियम नसला तरी तो फुकट नसतो. बँक त्यासाठी तुमची क्रेडिट लिमिट अडकवते, आणि भाव विरुद्ध गेला तर करारानुसार मार्जिनही मागू शकते. खेळतं भांडवल त्याच लिमिटवर चालत असेल तर हे आधीच विचारून घ्या. विकत घेतलेल्या पुटला प्रीमियम भरल्यावर लिमिट लागत नाही.

रक्कम अर्धी पक्की, अर्धी अनिश्चित असेल तर 5 लाखांचा फॉरवर्ड आणि उरलेल्या 5 लाखांचा पुट घ्या.