नापास झालेली एडब्ल्यूएस परीक्षा मुलाखतीत सांगावी का?

प्रश्न: मागच्या शनिवारी एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट दिली, ६९२ आले, नापास. येत्या गुरुवारी अंधेरीत इंटरव्ह्यू आहे. रेझ्युमेवर ‘सर्टिफिकेशन सुरू आहे’ असं लिहिलंय. खरं सांगू की गप्प बसू?

उत्तर: रेझ्युमेवर ती ओळ नसती, तर स्वतःहून विषय काढू नका म्हटलं असतं. नापास झाल्याची नोंद फक्त तुमच्या सर्टिफिकेशन अकाउंटमध्ये असते. कंपनीला पडताळता येतो तो पास झाल्यावर मिळणारा बॅज.

पण ती ओळ आहे, आणि माझ्यासारखा समोर बसलेला माणूस तिच्यावर बोट ठेवून विचारतोच, “परीक्षा कधी आहे?” तिथे नुसतं “पुढच्या महिन्यात” म्हणालात की फसलात. कारण पुढचा प्रश्न असतो, “पहिल्यांदाच देताय का?” त्यापेक्षा एका दमात सांगून टाका: एकदा दिली, थोडक्यात हुकली, पुन्हा अमुक तारखेला बुक केलीय. नापास झाल्यावर १४ दिवस थांबावं लागतं, म्हणजे गुरुवारपर्यंत तुमची दुसरी परीक्षा होणारच नाही. पण तारीख आज बुक करता आली तर करूनच जा. कंपनी एडब्ल्यूएसची पार्टनर असेल तर तिला वरचा टियर मिळवायला आणि टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं लागतात. अशा ठिकाणी एचआरला तुमच्या नापास होण्यापेक्षा त्या तारखेतच जास्त रस असतो.

“६९ टक्के पडले” असं मात्र म्हणू नका. स्कोअर १०० ते १००० या मोजपट्टीवर असतो आणि पासिंग ७२०. तो टक्क्यांचा आकडा नाही. ज्याने परीक्षा दिलीय त्याला हे माहीत असतं, आणि तुम्ही स्वतःचा रिपोर्टही नीट वाचला नाही हे त्याला लगेच कळतं.

तो रिपोर्ट आजच उघडा. चार विभागांपैकी कुठे सुधारणा हवी ते त्यात दिसतं. समजा सुरक्षित आर्किटेक्चरचा विभाग कच्चा निघाला (सगळ्यात जास्त, म्हणजे ३० टक्के वजन त्याचंच). “सिक्युरिटीत कमी पडलो” असं सांगून थांबलात तर नुसती कबुली झाली, आणि पुढचा अर्धा तास त्याच विषयावर जाणार. म्हणून तिथलं एक प्रकरण हाताने करून जा. मी असतो तर हे विचारलं असतं:

एका अकाउंटमधल्या एस-थ्री बकेटमधली फाइल दुसऱ्या अकाउंटच्या युजरला वाचायची आहे. बकेट पॉलिसीत `s3:GetObject` दिलंय, युजरच्या आयएएम पॉलिसीतही दिलंय, तरी `AccessDenied` येतं. का?

बहुतेक जण बकेट पॉलिसीच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. फाइल केएमएसच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती वाचायला `kms:Decrypt` ही परवानगीही लागते, आणि ती दोन्हीकडे हवी: किल्लीच्या की पॉलिसीत आणि युजरच्या आयएएम पॉलिसीत. त्यात किल्ली `aws/s3` ही एडब्ल्यूएसने सांभाळलेली असेल तर तिची पॉलिसी बदलताच येत नाही. स्वतःची कस्टमर मॅनेज्ड किल्ली करावी लागते. ती बकेटला डिफॉल्ट म्हणून लावली तरी जुन्या फाइली जुन्याच किल्लीत राहतात, त्या नव्या किल्लीने पुन्हा कॉपी कराव्या लागतात. नवी फाइल उघडते आणि कालची उघडत नाही, असं दिसलं तर समजा की घोळ इथेच आहे.

दोन अकाउंट उघडून हे एका संध्याकाळी करून बघता येतं. कस्टमर मॅनेज्ड किल्लीला महिन्याला १ डॉलर पडतो. प्रयोग झाला की ती डिलीटसाठी शेड्युल करा, किमान ७ दिवस थांबावं लागतं. मग गुरुवारी एवढंच म्हणा: “सिक्युरिटीचा विभाग कमी पडला, म्हणून क्रॉस-अकाउंट एन्क्रिप्शन स्वतः करून पाहिलं.” पुढचे प्रश्न आपोआप तुम्ही केलेल्या कामावर येतील.

परीक्षेत नेमका कोणता प्रश्न आला होता, हे मात्र पॅनेलने गमतीत विचारलं तरी सांगू नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य केलेला असतो. क्लायंटचा डेटा ज्याच्या हाती द्यायचा, तो असा करार किती सहज मोडतो हे समोरचा बघत असतो. मी स्वतः तसं मुद्दाम विचारलेलं आहे. “ते सांगता येणार नाही, पण माझा कोणता विभाग कच्चा निघाला ते सांगतो” एवढं उत्तर पुरतं.