सुरुवात ट्युलिपपासून नको

शेअरबाजाराचा इतिहास वाचायला घेताना ट्युलिपचा फुगा, म्हणजे हॉलंडमध्ये ट्युलिपच्या कंदांचे भाव भडकून कोसळले तो प्रकार, चटकदार आहे, पण तुम्ही आधी १६०२ चं ॲमस्टरडॅम धरा. त्याआधी भागीदारी बहुधा सफरीपुरती असायची: जहाज परतलं, मिरी विकली, हिशेब मिटवून मंडळी मोकळी. डच ईस्ट इंडिया कंपनीने मात्र भांडवल दहा वर्षांसाठी अडकवलं आणि १६१२ मध्ये ठरलेला हिशेबही टाळला. मग पैसे हवे असतील तर एकच वाट, आपला हिस्सा दुसऱ्याला विकायचा. दोघं कंपनीच्या कचेरीत जायचे आणि वहीत एकाच्या नावचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे चढायचा. शेअरबाजार उभा राहिला तो या वहीभोवती. १६०९ मध्ये इझाक ल मेअर या व्यापाऱ्याच्या टोळीने हातात नसलेले शेअर पुढच्या तारखेला विकून भाव पाडायला घेतले, तेव्हा १६१० मध्ये त्यावर बंदी आली. (बंदी फारशी पाळली गेली नाही.)

नवख्यांच्या दोन चुका:

- सागरी विमा याच काळातला समजणं. जेनोवात तो चौदाव्या शतकातच होता.
- फेब्रुवारी १६३७ मध्ये ट्युलिपमुळे हॉलंड बुडालं असं मानणं. सौदे गुत्त्यांत, जमिनीतल्या कंदांवर व्हायचे आणि बरेचसे पैसे कधी दिलेच गेले नाहीत.