बोअरचं रिजेक्शन, गरम जॉब आणि आमचा पहिला डीएमएआयसी प्रोजेक्ट

प्रश्न : ग्रीन बेल्टसाठी एक छोटा प्रोजेक्ट करायचा आहे. डीएमएआयसीचे पाच टप्पे पाठ आहेत, पण प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची आणि टार्गेटचा आकडा कसा ठरवायचा ते कळत नाही. कुणी स्वतः केलेला प्रोजेक्ट आकड्यांसकट सांगेल का?

उत्तर :

टार्गेटचा आकडा सुरुवातीला पेन्सिलीने लिहा. आमचा महिन्याभरात खोडावा लागला होता.

मी तेव्हा भोसरीतल्या एका छोट्या सीएनसी शॉपमध्ये क्वालिटी बघायचो. स्टीलची एक बुश होती, आतला बोअर २२ एच७. म्हणजे बोअर २२.००० ते २२.०२१ मिमीच्या आत हवा, एकूण २१ मायक्रॉनची जागा. महिन्याला साधारण सहा हजार नग जायचे. रजिस्टरप्रमाणे रिजेक्शन २.१ टक्के होतं आणि साहेबांनी मला ते एक टक्क्यावर आणायला सांगितलं. डिफाइनच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘टिप लवकर झिजत असल्यामुळे बोअरचं रिजेक्शन जास्त येतं.’ पहिली चूक हीच. या टप्प्यावर काय बिघडतंय, कुठे आणि किती, एवढंच लिहायचं असतं. कारण लिहिलंत की पुढचे दोन महिने तुम्ही त्याचे पुरावे गोळा करत बसता. आमच्याकडे तर महागड्या टिपांचं कोटेशनही येऊन पडलं होतं.

मेझरमध्ये मी आधी एक गोष्ट केली. मशीनशेजारी लाल पेटी ठेवली आणि पहिल्या मोजणीत न बसलेला प्रत्येक नग, मग तो पुढे दुरुस्त होणार असला तरी, आधी तिच्यात टाकायला सांगितला. चार आठवड्यांत सहा हजार नगांत ३४८ नग पेटीत आले. ५.८ टक्के! रजिस्टरमध्ये त्यातले फक्त १२६ दिसले असते, कारण ते बोअर मोठा झालेले, थेट भंगारात जाणारे. उरलेल्या २२२ नगांचा बोअर लहान राहिला होता. असे नग ऑपरेटर पाळी संपता संपता पुन्हा मशीनवर चढवून गुपचूप नीट करायचे. त्यात चोरी कसलीच नव्हती. रजिस्टरमध्ये रीवर्कचा रकानाच नव्हता. साहेब वैतागले, ‘मी रिजेक्शन कमी करायला सांगितलं, तू वाढवलंस.’ मग टार्गेट नव्याने लिहिलं. पहिल्या मोजणीत न बसणारे नग ५.८ टक्क्यांवरून तीन महिन्यांत २ टक्क्यांवर. मोजायचं काय, कुठे, कोणी आणि काय धरायचं नाही, हे त्या वाक्याखाली लिहून सुपरवायझरची सही घेतली. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर बाकी सगळं आटोपतं घ्या, ही व्याख्या मात्र घाईत उरकू नका.

त्याच महिन्यात गेज आर अँड आर केला, म्हणजे आमची मोजणीच किती भरवशाची आहे ते तपासलं. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने दोनदा मोजायचं, नगांचा क्रम बदलून आणि आधीचं रीडिंग न दाखवता. बोअर थोडा लंबगोल असू शकतो, म्हणून कुठे मोजायचं त्या जागी रंगाचा ठिपका दिला. नाहीतर नगाचा दोष माणसाच्या नावावर जातो. आमचा डायल बोअर गेज एक मायक्रॉनचा होता, म्हणजे २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सला पुरेसा बारीक. तरी मोजणीतला फरक टॉलरन्सच्या ३८ टक्के निघाला. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, तीसच्या आत चालवून घ्यायचं आणि तीसच्या वर गेलं तर त्या मोजणीवर विसंबायचं नाही, असा प्रघात आहे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गेज बोअरमध्ये घालून हलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो ते रीडिंग घ्यायचं असतं. एक जण गेज न हलवताच वाचत होता आणि सेटिंग रिंगवर शून्य फक्त सकाळी एकदा लावलं जायचं. दर तासाला शून्य लावायला सांगितलं, पद्धत शिकवली, पुन्हा मोजलं तर १८ टक्के आलं. चालण्यासारखं.

आणि इथेच मी फसलो. आर अँड आर क्वालिटीच्या खोलीत झाला होता, तासभर टेबलावर पडून थंड झालेल्या नगांवर. ऑपरेटर मोजत होता मशीनमधून नुकताच काढलेला नग.

ॲनालाइजमध्ये फिशबोन काढला तेव्हा सगळ्यांनी ‘टिप’ हेच सांगितलं. म्हणून प्रत्येक खराब नगावर त्या टिपेने तोपर्यंत किती नग कापले तो आकडा लिहायला लावला. टिप झिजल्यामुळे होत असतं तर खराब नग टिपेच्या शेवटाकडे दाटले असते. ते नव्या टिपेवरही तितकेच येत होते. कोटेशन फाइलला लागलं.

मग नगांवर नंबर टाकून तोच नग दोनदा मोजला, एकदा ऑपरेटरने मशीनवर आणि एकदा आम्ही चार तासांनी. आमचं रीडिंग जवळजवळ दरवेळी चार-पाच मायक्रॉन कमी. वर-खाली होत असतं तर मोजणीतला गोंधळ म्हटलं असतं. पण हे एकाच बाजूला सरकलेलं होतं. मी मशीनपाशी जाऊन एक नग हातात घेतला, तर चटका बसला. कूलंटचा नोझल बोअरच्या आत लागतच नव्हता. नगाचं तापमान स्पर्शाच्या प्रोबने मोजलं (चकचकीत धातूवर इन्फ्रारेडवाली बंदूक भलतंच दाखवते), तर तो सेटिंग रिंगपेक्षा १८ अंशांनी गरम होता. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २२ मिमीच्या बोअरला हिशेब असा होतो:

```
0.022 × 11.5 × 18 ≈ 4.6 मायक्रॉन
```

म्हणजे ऑपरेटर गरम नगावर बरोबर मधला आकडा धरत होता आणि थंड झाल्यावर तोच नग साडेचार मायक्रॉन खाली बसत होता. लहान बोअरचे २२२ आणि मोठ्याचे १२६ असं एका बाजूला झुकलेलं माप का येतं, त्याचा मोठा भाग इथे उलगडला.

दुसरी गोष्ट मामांमुळे कळली. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. ते दर नगानंतर ऑफसेट एक-दोन मायक्रॉन हलवायचे. मी म्हटलं, ‘मामा, तीस नग ऑफसेटला हात न लावता काढूया.’ ते म्हणाले, ‘सगळे भंगारात गेले तर तुझ्या नावावर लिहीन.’ तीसही नग नऊ मायक्रॉनच्या पट्ट्यात आले. आदल्या दिवशी, दर नगाला ऑफसेट हलवताना, पट्टा चौदाचा होता. हे डेमिंग यांच्या नरसाळ्याच्या प्रयोगातलं आहे. यंत्र आपल्या स्वभावाने जेवढं इकडेतिकडे जातं, त्यालाच चूक समजून दरवेळी पूर्ण सुधारत गेलं की व्हेरिअन्स दुप्पट होतो. मामांना मी व्हेरिअन्स सांगितला नाही, दोन्ही दिवसांचे ठिपके आलेखाच्या कागदावर शेजारी शेजारी दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे मीच हलवत होतो.’

तिसरं कारण छोटं होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीन थंड व्हायचं आणि नंतरचे पहिले सहा-सात नग मोठे यायचे. दुसऱ्या मशीनवर हे उलटंही होऊ शकतं, स्वतः मोजून बघा.

इम्प्रूव्हमध्ये फारसा खर्च नव्हता. कूलंटचा नोझल बोअरकडे वळवला. मशीनशेजारी जाड स्टीलची प्लेट ठेवली, सेटिंग रिंगही तिच्यावरच. दर पाचवा नग प्लेटवर आठ मिनिटं ठेवायचा आणि मगच मोजायचा. मधला आकडा २२.००० च्या वर १० मायक्रॉन धरला, रीडिंग ४ ते १६ च्या आत असेल तर ऑफसेटला हात लावायचा नाही. सुट्टीनंतर बारा मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं. कुणीतरी सुचवलं की वाट बघण्यापेक्षा गरम नगाच्या रीडिंगमधून सरळ पाच वजा करू. आम्ही ते घेतलं नाही, कारण सकाळचा आणि दुपारचा नग सारखा गरम नसतो. वाट बघण्याची किंमत मात्र आहे. रीडिंग हातात येईपर्यंत आणखी चार नग कापले गेलेले असतात. टिप तुटली तर तेही जातात. ती जोखीम साहेबांना आधीच सांगून घेतली.

पुढच्या चार आठवड्यांत ६१०० नगांत १०४ पेटीत आले, १.७ टक्के. तुमचा प्रोजेक्ट याहून लहान असेल तर एक सांभाळा. ५० नगांत आधी तीन खराब आणि नंतर एक, यावरून काहीही सिद्ध होत नाही, ते नुसत्या योगायोगानेही होतं. खराब नग इतके थोडे असतील तर टक्के मोजण्यापेक्षा माप स्वतःच मोजा, म्हणजे बोअर किती मायक्रॉन आणि पसारा किती. तीस नगांतही फरक दिसतो, मामांना दिसला तसा.

कंट्रोलसाठी फळ्यावर आठवड्याचा एक ठिपका. आठवड्याला १५०० नग धरून वरची मर्यादा अशी काढली:

```
0.017 + 3 × sqrt(0.017 × 0.983 / 1500) ≈ 0.027
```

म्हणजे ठिपका २.७ टक्क्यांच्या वर गेला तर काय तपासायचं आणि कोणी, ते फळ्यावरच लिहिलं होतं. आधी प्लेट, मग नोझल, मग शून्य. सहा आठवडे ठिपके खाली राहिले. सातव्या आठवड्यात ३.४ आले. यादी घेऊन मशीनपाशी गेलो, तर पहिल्याच ओळीवर थांबलो. प्लेट जागेवर नव्हती. मेंटेनन्सवाल्यांनी ती ड्रिलिंगच्या कामाखाली सरकवली होती आणि रात्रपाळीचा नवीन मुलगा नग लाकडी फळीवर ठेवून आठ मिनिटं इमानदारीने मोजत होता. लाकडावर ठेवल्यावर नग तेवढ्या वेळात थंड होत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्लेट स्टँडला वेल्ड करून टाकली.