‘थोडं कमी करा’ला काय उत्तर द्यायचं?

“मी रंगकामाची कामं घेतो. कोटेशन दिलं की समोरचा म्हणतो, ‘दुसरा यापेक्षा कमीत करतोय, तुम्ही किती कमी करता?’ मी गडबडतो आणि आकडा उतरवतो. नाही म्हटलं तर काम जाईल ही भीती असते. मग वर्षभर राबूनही हातात काही उरत नाही. काय करू?”

तुमच्यासारखीच अडचण घेऊन एक वॉटरप्रूफिंगचे कंत्राटदार माझ्याकडे आले होते. एका सोसायटीच्या २,००० चौरस फूट गच्चीसाठी त्यांनी ११० रुपये दर दिला होता, म्हणजे २ लाख २० हजार. सेक्रेटरी म्हणाले, १५ टक्के कमी करा, लगेच काम देतो. हे जवळजवळ हो म्हणून बसले होते.

मी त्यांना आधी माल आणि मजुरीचा हिशेब मांडायला लावला. १ लाख ७२ हजार खर्च, हातात ४८ हजार. सूट ३३ हजारांची. ती दिली असती तर १५ हजार उरले असते. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “पंधरा टक्के म्हणजे थोडेच वाटले होते,” म्हणाले. ग्राहकाला पंधरा टक्के एकूण रकमेवर दिसतात, आपले मात्र कमाईतून जातात आणि तिथे ते जवळजवळ सत्तर होतात.

पण हिशेब कळला म्हणून तोंडातून ‘नाही’ निघतंच असं नाही. त्यांना मी विचारलं, दुसऱ्याचं कोटेशन पाहिलंत का? नव्हतं पाहिलं. पुढच्या भेटीत त्यांनी सेक्रेटरींना एवढंच विचारलं, “तुम्हाला माझा दर कशाच्या मानाने जास्त वाटतोय?” सेक्रेटरींनी दुसरा कागद पुढे केला. त्यात एकच ओळ होती: गच्ची वॉटरप्रूफिंग, ९२ रुपये चौरस फूट.

आमच्या माणसाच्या दरात काय होतं? जुने तडे खोदून भरणं, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, काढणं, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी वेगळा थर, कोटिंगचे तीन हात आणि शेवटी गच्चीवर पाणी भरून ४८ तास ठेवणं. गळती बहुतेक वेळा सपाट भागातून नाही, याच सांध्यांतून आणि तोंडातून होते. पण त्यांच्याही कोटेशनमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं! दोन्ही कागदांवर फक्त आकडा असेल तर माणूस आकड्यांचीच तुलना करणार, त्यात त्याचा काय दोष?

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. सेक्रेटरींना दर फारसा खुपत नव्हता. त्यांना सभासदांपुढे तीन कोटेशनं ठेवून ‘मी घासाघीस केली’ असं सांगायचं होतं. सूट मागणाऱ्याच्या मनात असं काही असू शकतं, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की दर उतरवायचा नाही, पण सेक्रेटरींना सभेत दाखवता येईल असं काहीतरी द्यायचं. नव्या कागदावर प्रत्येक टप्पा लिहिला. वर एक अट घातली: शेवटची दहा टक्के रक्कम ४८ तासांची पाण्याची चाचणी खाली एकही ओल न दिसता पार पडल्यावरच द्या. ही अट सूट नव्हे, पैसे तेवढेच येतात. मात्र २२ हजार उशिरा आले तरी मजुरी चुकेल अशी वेळ नाही ना, हे आधी तपासलं.

आणि वाक्य घोटून घेतलं: “दर हाच राहील. यातलं काय नको असेल ते सांगा, तेवढं कमी करून देतो. पण वाटा आणि चाचणी वगळणार नाही, कारण मग गळतीची जबाबदारी घेता येणार नाही.” एवढं बोलून गप्प बसायचं. हेच त्यांना सगळ्यात अवघड गेलं. समोरचा विचार करत असतो, आपल्याला ती शांतता नकार वाटते आणि आपणच ‘बरं, शंभरने करतो’ म्हणून टाकतो. काहीही न काढता आकडा उतरला की ग्राहकाला वाटतं, पहिला दर फुगवलेलाच होता.

ते काम त्यांना ११० रुपयांनीच मिळालं. त्यानंतरचं एक गेलं. तिथे दुसऱ्याने हेच सगळे टप्पे कमी दरात लिहून दिले होते. अशा ठिकाणी ही पद्धत चालत नाही, आणि ते काम सोडण्यात शहाणपण होतं.

तुमच्या कोटेशनमध्ये आज ‘आतून रंगकाम’ एवढंच लिहिलेलं असेल तर आधी ते बदला. पोपडे खरवडणं, ओलीची जागा तपासणं, पुट्टीचे किती हात, घासकाम, प्रायमर, रंगाचे किती हात आणि कोणत्या प्रकारचा रंग, सामान झाकणं, शेवटची सफाई. ग्राहकाला खरोखर पैसे कमी पडत असतील तर एखादी खोली पुढच्या वर्षावर ढकला किंवा साध्या प्रकारचा रंग सुचवा. पुट्टीचा हात मात्र कमी करू नका. तो वाचवलेला भिंतीवर दिसतो आणि नाव तुमचं जातं.