पद आणि पगार कमी केल्याचं पत्र

प्रश्न: कंपनीने मला खालच्या पदावर टाकून बेसिक ४० हजारांवरून ३० हजार केलाय. सही करावीच लागेल का? नोकरीला १२ वर्षं झालीत.

नाही, पगार कमी करायला तुमची संमती लागते, त्यामुळे लगेच सही करू नका. त्याच दिवशी एचआरला मेल टाका: "पत्र मिळाले, बदल मान्य नाही, आक्षेप राखून काम चालू ठेवत आहे." महिनोन्‌महिने गप्प राहून कमी पगार घेत राहिलात, तर पुढे तीच संमती होती असं म्हणायला कंपनी मोकळी. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असाल, तर वेतनात असा बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते (पूर्वी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ, आता औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४०), आणि कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते. मॅनेजर असाल, तर हे संरक्षण नाही. तिथे नेमणूकपत्रातल्या अटींवरच भांडावं लागतं.

वाटाघाटीत बहुतेक जण फक्त हातात येणारी रक्कम बघतात. ग्रॅच्युइटी मात्र मुख्यतः शेवटच्या बेसिक व महागाई भत्त्यावर, सगळ्या वर्षांसाठी मोजतात. नुसता बेसिक धरला तर ४०,००० × १५/२६ × १२ म्हणजे साधारण २.७७ लाख, ३० हजारांवर तेच २.०८ लाख. म्हणजे जुन्या पदावर कमावलेले ६९ हजारही जातात. म्हणून पद स्वीकारायचंच असेल तर बेसिक तसाच ठेवून कपात इन्सेन्टिव्हमध्ये मागा. ते नाकारलं, तर आधीच्या १२ वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर देऊ, असं लेखी घ्या.