कच्चा आकडा ३, स्तरांत १.५: फाउंड्रीतल्या खोकल्याचा हिशेब

सिनॉप्सिसच्या वेळी कुणी विचारत नाही. सबमिशनला पंधरा दिवस उरले की एकाच गोंधळाचे प्रश्न येतात. या वेळचे चार.

प्रश्न: मॅडम, फाउंड्री कामगारांत जुनाट खोकल्याचा धोका इतरांच्या ३ पट आला. विडी ओढणारे आणि न ओढणारे वेगळे काढले तर दोन्हीकडे १.५ पटच. हे कन्फाउंडिंग की इफेक्ट मॉडिफिकेशन?

पटीच्या मापावर हे कन्फाउंडिंग. हिशेबाला सोपे, काल्पनिक आकडे घेते. शिरोलीच्या फाउंड्र्यांतले ४०० कामगार, दुसऱ्या कामांतले ४००. फाउंड्रीतले ३०० जण विडी ओढतात, इतरांतले फक्त १००. विडी ओढणाऱ्यांत खोकला फाउंड्रीत ३०० पैकी ९० जणांना, बाहेर १०० पैकी २० जणांना. न ओढणाऱ्यांत फाउंड्रीत १०० पैकी ६, बाहेर ३०० पैकी १२.

सगळे एकत्र केले की ९६ विरुद्ध ३२, म्हणजे २४ टक्के विरुद्ध ८ टक्के: ३ पट. वेगळे केले की ३० ला २० आणि ६ ला ४: दोन्हीकडे १.५. वरची वाढ विडीची आहे, कारण फाउंड्रीत विडीवाले जास्त आहेत. खूण लक्षात ठेवा: स्तरांतले आकडे एकमेकांशी जुळतात, कच्च्या आकड्याशी जुळत नाहीत. अशा वेळी मँटेल-हेन्झेलने ते एकत्र करा, १.५च येईल.

स्तरांतले आकडेच एकमेकांपासून दूर असते, तर ते इफेक्ट मॉडिफिकेशन. ते काढून टाकायचं नसतं, स्तरानुसार वेगवेगळं सांगायचं असतं. दोन्ही एकाच अभ्यासात असू शकतात.

आता याच कोष्टकात पटीऐवजी फरक काढा. विडीवाल्यांत फाउंड्रीमुळे शंभरात १० जण जास्त, न ओढणाऱ्यांत २. म्हणजे फरकाच्या मापावर इफेक्ट मॉडिफिकेशन आहे. माप न सांगता ‘आढळलं नाही’ असं लिहिणं अपुरं आहे. दोन्ही मापं द्या. धुळीवर आधी कुठे खर्च करायचा, हे फरकावरूनच कळतं.

प्रश्न: काय-स्क्वेअरमध्ये p ०.०५ च्या आत आलेले सगळे घटक कन्फाउंडर म्हणून घेतले. चालेल ना?

नाही. कन्फाउंडर आधीच्या ज्ञानावरून ठरतो. P वर तो ठरत नाही.

प्रश्न: फुप्फुसाची क्षमताही अ‍ॅडजस्ट करू का?

नको. धुळीने आधी ती घटते आणि मग त्रास होतो, असं तुम्ही मानत असाल तर ती वाटेवरची पायरी आहे. ती अ‍ॅडजस्ट केलीत तर धुळीचाच परिणाम पुसला जाईल. गाइडना विचारून मगच ठरवा.

प्रश्न: अ‍ॅनालिसिस करून देणाऱ्यांनी रिग्रेशन करून दिलं आहे. ते म्हणतात, मॉडेलमध्ये सगळं अ‍ॅडजस्ट होतं, स्तर पाडायची गरज नाही. मग कशाला पाडायचे?

ते म्हणतात म्हणून तुम्ही सही करणार? गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी असंच छापील कोष्टक घेऊन आली. विडीची दुरुस्ती झाली होती, पण विडी न ओढणारे फाउंड्री कामगार तिच्या अभ्यासात होते फक्त तीन. ते कोष्टकात दिसत नव्हतं. आम्ही कागदावर चार चौकटी आखल्या तेव्हा दिसलं.

स्तरीकरणात रिकामा खण डोळ्यांना दिसतो. रिग्रेशन तो खण आपल्या गृहीतकाने भरून काढतं, आणि आकडा देताना सांगत नाही. दुसरं, साधं मॉडेल विडीवाले आणि न ओढणारे दोघांत फाउंड्रीचा परिणाम सारखाच धरून चालतं. तुम्ही गुणाकाराचं पद घातलं तरच ते वेगळं असू शकतं का, हे तपासतं:

```
glm(khokla ~ foundry * vidi,
    family = binomial(link = "log"), data = d)
```

वरच्या आकड्यांवर हे चालवून येणाऱ्या सहगुणकांचं exp घेतलं तर फाउंड्रीची पट १.५ येते आणि गुणाकाराच्या पदाची १, म्हणजे पटीच्या मापावर फरक नाही. फरकाच्या मापावरचे ते १० आणि २ मात्र इथे दिसणार नाहीत. नेहमीचं लॉजिस्टिक ऑड्स रेशो देतं. विडीवाल्यांत तो १.७ येतो. त्याला ‘धोका १.७ पट’ म्हणू नका. आणि गुणाकाराच्या पदाचा p ०.२० आला म्हणून इफेक्ट मॉडिफिकेशन नाही, असंही ठरवू नका. लहान नमुन्यात ही चाचणी फरक असला तरी बहुधा पकडत नाही.

मग रिग्रेशन कधी? वय, विडी, कामाची वर्षं, घरातली चूल असे पाच-सहा घटक एकत्र आले की स्तर इतके बारीक होतात की खणात दोन-दोन माणसं उरतात. तिथे रिग्रेशनशिवाय गती नाही. पण आधी मुख्य दोन-तीन घटकांचे स्तर हाताने पाडून पाहा, मग मॉडेल. दोन्हींचे आकडे फार वेगळे आले तर थांबा. ज्यांनी कोष्टक करून दिलं त्यांच्याकडून मूळ फाइल आणि कोड मागून घ्या, आणि सबमिशनआधी ते घेऊन तुमच्या कॉलेजच्या सांख्यिकीतज्ज्ञांकडे जा.