अल्पदृष्टी विद्यार्थिनीचं शिफारसपत्र: नजरेचा उल्लेख कुठे, किती आणि कसा

प्रश्न: मी पदवीच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवते. माझ्या एका अल्पदृष्टी विद्यार्थिनीला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र हवंय. तिच्या नजरेबद्दल पत्रात लिहावं का? लिहायचं तर कसं?

उत्तर:

लिहायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि कसं लिहायचं हे तुम्ही.

आधी तिला विचारा, पण नुसतं 'तुझ्या डोळ्यांबद्दल लिहू का?' असं विचारू नका. शिक्षकाने असं विचारलं की विद्यार्थी बहुतेक वेळा 'चालेल मॅडम' म्हणून मोकळे होतात. तिच्यापुढे तीन पर्याय ठेवा: काहीच उल्लेख नको; फक्त ती काम कसं करते तेवढं लिहायचं; किंवा त्यासोबत एखाद्या सत्रात गुण का घसरले तेही लिहायचं. उत्तर तिच्याकडून ईमेलवर घ्या, म्हणजे तिलाही विचार करायला वेळ मिळतो. एवढी काळजी घ्यायचं कारण असं की शिफारसपत्र बऱ्याचदा थेट संस्थेकडे जातं आणि ते वाचण्याचा हक्क विद्यार्थ्याने अर्जातच सोडून दिलेला असतो. तिने स्वतःच्या निवेदनात नजरेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नसेल आणि तुमच्या पत्रात त्यावर अख्खा परिच्छेद असेल, तर तिच्या वतीने तुम्हीच ते जाहीर केलं असं होतं. तिने लिहिलं असेल तर तिचं निवेदन मागून घ्या. तिने 'स्क्रीन रीडर वापरते' असं लिहिलंय आणि तुम्ही 'वाचून दाखवायला मदतनीस लागतो' असं लिहिलंत, तर वाचणारा गोंधळतो आणि शंका तिच्यावर घेतो.

ती 'नको' म्हणाली तर पत्रातून तो विषय पूर्ण बाहेर काढा. 'अनेक अडचणींवर मात करून', 'मर्यादा असूनही', 'विलक्षण जिद्दीने' ही वाक्यंही जाऊ द्या, कारण काहीतरी आहे हे त्यांतून कळतं आणि काय ते कळत नाही. मग वाचणारा मनाला येईल तो अंदाज बांधतो.

'हो' म्हणाली तर तो भाग तिसऱ्या परिच्छेदात, चार-पाच वाक्यांत बसवा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही तिला कोणत्या विषयाला, किती काळ शिकवलंत ते लिहा. दुसऱ्यात तिचं एखादं काम सविस्तर येऊ द्या: प्रश्न कोणता होता, तिने कोणती पद्धत निवडली, ती का निवडली, कुठे अडली, शेवटी काय हाती आलं. हे काम वाचणाऱ्याच्या मनात उभं राहिल्यावरच नजरेचा विषय यावा. तो पहिल्याच ओळीत आला तर पुढचं सगळं पत्र त्याच चष्म्यातून वाचलं जातं आणि चांगल्या कामाचंही 'तिच्या मानाने चांगलं' होऊन बसतं.

आता मजकूर. आजाराचं नाव आणि डोळ्यांचे आकडे लिहू नका. ते डॉक्टरांच्या दाखल्यातलं काम आहे, आणि निवड करणाऱ्याला त्यातून काही उमगतही नाही. ६/६० म्हणजे नेहमीची नजर जे अक्षर ६० मीटरवरून ओळखते ते ओळखायला या व्यक्तीला ६ मीटरवर यावं लागतं. पण ती सांख्यिकीचा तक्ता कसा वाचते, हे त्यातून कुठे कळतं? शिवाय अल्पदृष्टी सगळ्यांची सारखी नसते. मधली नजर कमजोर आणि कडेची शाबूत असेल तर माणूस एकटा आरामात हिंडतो-फिरतो, पण छापील ओळ मोठी केल्याशिवाय त्याला वाचता येत नाही. उलट कडेची नजर गेलेली असेल तर लहान अक्षरंही वाचता येतात, आणि फार मोठी केली तर त्रासच होतो, कारण उरलेल्या अरुंद नजरेत एका वेळी दोन-तीनच अक्षरं मावतात. म्हणून 'तिला कमी दिसतं' या वाक्यातून काहीच कळत नाही. तुम्ही वर्गात जे पाहिलंत तेच लिहा.

समजा तुमच्या विद्यार्थिनीची मधली नजर कमजोर आहे. ती पडद्यावरचा मजकूर चौपट मोठा करून वाचते, आणि लांबलचक मजकूर असेल तर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकते. चौपट मोठं करणं म्हणजे लांबी चौपट आणि रुंदीही चौपट, म्हणजे एका वेळी पडद्याचा सोळावा भागच समोर असतो. बारा रकान्यांच्या तक्त्यात ती खाली आणि उजवीकडे सरकली की रकान्याचं शीर्षक आणि ओळीचं नाव दोन्ही नजरेआड जातं. तिचा वेळ जातो तो कुठे आहोत हे शोधण्यात. गणित समजायला तिला जास्त वेळ लागत नाही. हा फरक तुम्ही जवळून पाहिलाय, समितीने पाहिलेला नाही. म्हणून पत्रात तो असा येऊ शकतो:

'ती पडद्यावरचा मजकूर मोठा करून आणि स्क्रीन रीडरवर ऐकून काम करते. रुंद तक्ते ती सरकवत वाचत नाही; आरमध्ये आज्ञा लिहून हवे ते रकाने आणि ओळी वेगळ्या काढते. त्यामुळे तिच्या विश्लेषणाची प्रत्येक पायरी लिहिलेली असते आणि दुसऱ्याला ती जशीच्या तशी पुन्हा करून पाहता येते. प्रकल्पाच्या माहितीत एका रकान्यात दोन वेगवेगळी एककं मिसळली आहेत हे गटात सर्वांत आधी तिच्या लक्षात आलं, ते याच सवयीमुळे.'

यात दयेचा सूर नाही आणि कौतुकाचा पूरही नाही. शेवटच्या वाक्यासारखं ठोस उदाहरण मात्र खरं आणि तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलंच हवं. नसेल तर ते वाक्य गाळा, बाकीची तीन पुरतात.

प्रत्येक विषयात समितीच्या मनात एक न विचारलेला प्रश्न असतो. रसायनशास्त्रात तो प्रयोगशाळेचा, इतिहासात जुन्या हस्तलिखितांचा, संख्याशास्त्रात आलेखांचा. त्याचं उत्तर पत्रात नसेल तर वाचणारा ते स्वतःच देतो, आणि बहुतेकदा चुकीचं देतो. तेव्हा ती आलेख कसे वाचते हे तिलाच विचारून एका वाक्यात लिहा. कुणी गडद पार्श्वभूमीवर जाड रेषांनी आलेख पुन्हा काढून घेतं, कुणी आलेखामागचे आकडे थेट तपासतं. आरसाठी ब्रेलआर नावाचं पॅकेज आहे, न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले अंध संख्याशास्त्रज्ञ जोनाथन गॉडफ्री यांनी तयार केलेलं. ते आलेखाचं वर्णन शब्दांत देतं:

```r
library(BrailleR)
x <- rnorm(1000)
VI(hist(x))
```

ती हे वापरत असेल तर 'आलेखाचं शब्दांतलं वर्णन आणि मूळ आकडे ताडून ती निष्कर्ष काढते' एवढं लिहिलं तरी ती शंका उरत नाही. आज्ञा पत्रात घालायची गरज नाही.

लेखनिक आणि वाढीव वेळ यांबद्दल लिहिताना सर्वांत जास्त जपा. 'तिने लेखनिकाच्या मदतीने परीक्षा दिली' एवढंच लिहिलंत तर उत्तरं कुणाची, ही शंका राहते. 'तिला जादा वेळ दिला होता' याने गुण आपोआप हलके होतात. दोन्ही गोष्टी गुणपत्रिकेवर दिसत नसतील तर लिहायलाच नकोत. दिसत असतील किंवा तिनेच निवेदनात सांगितल्या असतील तर हे वाक्य जोडा: 'प्रश्नपत्रिका, तपासणी आणि गुणदान इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच होतं, लेखनिकाने फक्त तिने सांगितलेलं उतरवलं.' शेवटचा भाग तुम्ही किंवा तुमच्या विभागातल्या कुणी प्रत्यक्ष पाहिला असेल तरच लिहा. तोंडी परीक्षेत किंवा फळ्यासमोर तिला एखादी सिद्धता मांडताना तुम्ही ऐकलं असेल, तर ते याहून बळकट आहे, कारण तिथे मधे कुणीच नव्हतं.

गुण घसरल्याचं कारण लिहायला तिची हरकत नसेल तर घटना आणि पुरावा एवढंच ठेवा. उदाहरणार्थ: 'तिसऱ्या सत्रात मोठ्या अक्षरातली पाठ्यसामग्री सत्र निम्मं सरल्यावर मिळाली. त्या सत्रातले तिचे गुण इतर सत्रांपेक्षा कमी आहेत. चौथ्या सत्रात सामग्री पहिल्या आठवड्यापासून होती आणि गुण पूर्ववत झाले.' कुणाची चूक होती हे सांगत बसू नका. तक्रारीचा सूर आला की पत्राचा रोख बदलतो.

तिला काय सोयी लागतील याची यादीही या पत्रात नको. सोयींचा अर्ज सहसा वेगळ्या कक्षाकडे, दाखल्यासह जातो. निवड समितीपुढे ती यादी आली की पत्र शिफारशीचं राहत नाही, खर्चाचं आणि व्यवस्थेचं होतं.

'प्रेरणादायी', 'दिव्य', 'धीराची' ही विशेषणं टाळा. ती तुमच्या भावना सांगतात, तिच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. 'अल्पदृष्टी विद्यार्थ्यांमध्ये सर्वोत्तम' हे तर मुळीच नको. तुलना संपूर्ण वर्गाशी करा आणि वर्गात किती जण होते तेही सांगा. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'पहिल्या ५ टक्क्यांत', 'पहिल्या १० टक्क्यांत' अशा चौकटी असतात, तिथेही हीच तुलना धरा. सहानुभूतीने एक चौकट वर चढवलीत आणि पत्रातला मजकूर तेवढा भक्कम नसला, तर विसंगती लगेच डोळ्यांत भरते. 'वाचनाचा वेग' असं काही विचारलं असेल तर तिच्या नेहमीच्या साधनांसह जो वेग आहे तो धरा.

पत्र एक ते दीड पान पुरे. सही करून, छापून, स्कॅन करून पाठवायची सवय असेल तर इथे मोडा. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातला मजकूर स्क्रीन रीडर सहसा वाचू शकत नाही. पत्राची प्रत तुम्ही तिला देणार असाल किंवा समितीतलंच कुणी स्क्रीन रीडर वापरत असेल, तर त्यांना कोरं पान मिळाल्यासारखं होतं. वर्डमध्ये लिहून, सहीचं चित्र खाली घालून, त्या चित्राला पर्यायी मजकूर म्हणून तुमचं नाव देऊन, तिथूनच पीडीएफ करा. मग फाइल उघडून Ctrl+A आणि Ctrl+C दाबा आणि तो मजकूर नोटपॅडच्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवून पाहा. अक्षरं आली आणि क्रमाने आली, तर पाठवायला हरकत नाही. काहीच आलं नाही किंवा चौकोन-चिन्हं आली, तर युनिकोड फॉन्ट घेऊन पीडीएफ पुन्हा करा.